‘आठ दात, आत्ताच जुळली’: गाईच्या वयाचा चुकलेला अंदाज

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका दूध उत्पादक कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि बाजाराचं नाव दिलेलं नाही, घरच्या कर्त्या माणसाला इथं फक्त अण्णा म्हटलंय. मी त्यांच्या गोठ्यावर उपचाराला जाणारा पशुवैद्य. या प्रकरणात माझाही एक निर्णय चुकला, तो पुढे ओघात येईलच.

पार्श्वभूमी

अण्णांच्या गोठ्यात तीन संकरित होल्स्टीन गाई होत्या. २०२३ च्या पावसाळ्यात त्यातली एक कासदाह होऊन दोन सडांनी गेली आणि विकावी लागली. डेअरीचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी, सगळं दुधावरच चालायचं. त्यामुळे दिवाळीनंतर लगेच दुसरी गाय आणायची असं घरात ठरलं. त्यांना तरुण गाय हवी होती. पहिलं वेत झालेली आणि दुसऱ्याला गाभण अशी मिळाली तर सगळ्यात बरं. संकरित गाईचं दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत चढत जातं. दुसऱ्या वेतावर घेतलेली गाय चांगली निघाली की घेणाऱ्याला चढतं दूध मिळतं, शिवाय पुढची चार-पाच वेतं हाताशी राहतात.

आठवडी बाजारात एका हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, त्यांना एक काळी-पांढरी गाय दाखवली. आठवा महिना भरलेला, कास उतरायला लागलेली, अंगानं भरलेली. शिंगं नुकतीच साळून तेल लावलेली होती. हेड्या म्हणाला, “दुसऱ्या वेताला हाय अण्णा, चार-साडेचार वर्षांची. दात बघून घ्या, आठ हायेत, आत्ताच जुळलीय.” त्यानं एका हातानं मुसकं वर धरलं, दुसऱ्या हातानं खालचा ओठ खाली ओढला. अण्णांनी मोजले. चार जोड्या, आठ दात, म्हणजे गाय जुळलेली. हेड्यानं ओठ सोडून दिला.

अण्णांनी तिथूनच मला फोन केला. “डॉक्टर, गाय जुळलेली हाय, दुसऱ्या वेताला म्हणतोय, घेऊ का?” मी तेव्हा दुसऱ्या गोठ्यात एका म्हशीचा वार काढत होतो. घाईत म्हणालो, “जुळलेली असेल तर हरकत नाही, कास आणि सडं नीट बघा.” अण्णांनी दोन हजार इसार दिला आणि संध्याकाळपर्यंत ९२,००० रुपयांना सौदा झाला. बाजाराच्या पावतीवर रंग, खुणा, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि किंमत आली. वयाच्या रकान्यात ‘अंदाजे ४ वर्षे’ असं लिहिलं गेलं.

दातांवरून वय कसं कळतं आणि कुठे कळेनासं होतं

पुढचं समजण्यासाठी एवढी माहिती हवी. गाईम्हशींच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं कडक गादी असते. वय पाहतात ते खालच्या जबड्यातल्या पुढच्या आठ दातांवरून. वासराला हे आठही दात दुधाचे असतात, बारीक, पांढरेशुभ्र आणि मुळाशी अरुंद. पुढे ते मधल्या जोडीपासून कडेकडे पडत जातात आणि त्यांच्या जागी रुंद, किंचित पिवळसर कायमचे दात येतात. एकही कायमचा दात आला नसेल तर जनावर अदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि कडेची चौथी जोडी आली की जुळलेलं.

संकरित गाईत मधली जोडी साधारण दोन वर्षांच्या आसपास बदलते, दुसरी अडीच ते तीन वर्षांत, तिसरी तीन ते साडेतीन आणि कडेची चार ते साडेचार वर्षांच्या सुमारास. खिल्लारसारख्या देशी जातीत हे सगळं सहा महिने ते वर्षभर उशिरा घडतं, म्हशीतही उशिराच. देशी जनावर पूर्ण जुळायला पाच वर्षं लागतात. दाणा-पाणी चांगलं असेल तर दात थोडे लवकर येतात, वाढ खुंटलेल्या कालवडीत मागे पडतात. म्हणून या वयातही दातांवरून सांगितलेलं वय चार-सहा महिने इकडेतिकडे धरावं लागतं.

जुळेपर्यंत दात मोजून वय कळतं, हे बाजारातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. जुळल्यानंतर मात्र मोजणी थांबते. साडेचार वर्षांच्या गाईला आठ दात आणि नऊ वर्षांच्या गाईलाही आठच. तिथून पुढे फक्त झीज बघायची असते, आणि ती बघायला वेळ, उजेड आणि सवय लागते. हेड्यानं अण्णांना दाखवलेला आकडा खरा होता. ‘आत्ताच’ हा शब्द खोटा होता, आणि तो मोजून पकडता येत नव्हता.

अडचण उघडी कशी पडली

गाय घरी येऊन तीन आठवडे झाले आणि डिसेंबरमध्ये ती व्यायली. कालवड झाली. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला काकूंचा फोन आला, “गाय बसलीय ती उठंना, मान पोटाकडं वळवलीय.” मी गेलो तर कान गार, नाकपुडी कोरडी, मान वाकडी करून कुशीवर टेकवलेली. दुग्धज्वराचं अगदी ठरलेलं चित्र. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू, छातीवर नळी ठेवून ठोके ऐकत दिली. बाटली संपता संपता तिनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि अर्ध्या तासात उठली.

हात धुताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. दुग्धज्वर पहिलारूला जवळजवळ होत नाही, दुसऱ्या वेताला क्वचित होतो. तिसऱ्या वेतापासून तो वाढत जातो, कारण वय वाढलं की हाडातून कॅल्शियम झटपट सुटत नाही. दुसऱ्या वेताची गाय आडवी पडूच शकत नाही असं नाही, पण शंका यायला एवढं पुरे होतं. मी म्हणालो, “अण्णा, सकाळी उजेडात हिचे दात बघू.”

सकाळी गाय दाव्याला आखूड बांधली. मी तिच्या मानेच्या बाजूला, तिच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. डावा हात नाकावरून घेऊन बोटं नाकपुड्यांत धरली. उजव्या हाताचा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून, जिथं पुढचे दात आणि दाढा यांच्यात मोकळी हिरडी असते तिथून, आत घालून खालचा ओठ खाली केला. बोटं मागे दाढांकडे जाऊ द्यायची नाहीत, दाढांच्या कडा धारदार असतात. मग अण्णांना म्हणालो, “मोजू नका, फक्त मधली जोडी बघा.”

नुकत्या जुळलेल्या गाईत मधल्या दाताची वरची कडा अजून बऱ्यापैकी पातळ आणि गोलसर असते. कडेची जोडी तर नवी कोरी दिसते, रेषेत पूर्ण वर आलेली नसते आणि तिची कडा घासलेली नसते. या गाईच्या मधल्या दोन्ही दातांचा माथा पाटीसारखा सपाट झाला होता. त्या सपाट भागात मधोमध पिवळट-तपकिरी चौकोनी डाग उघडा पडला होता. दाताची मान हिरडीच्या वर आली होती आणि दोन दातांच्या मध्ये काडेपेटीची काडी बसेल एवढी फट होती. दुसरी जोडीही सपाट, तिसरी निम्म्याहून जास्त घासलेली, आणि कडेच्या जोडीच्या धारेवरही झीज सुरू झालेली. ‘आत्ताच जुळली’ म्हणण्यासाठी जी कडेची जोडी कोवळी असायला हवी होती, तीच वापरलेली होती. माझा अंदाज सात ते आठ वर्षं असा आला.

मग मी बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक घेतला आणि दवाखान्यातून ‘भारत पशुधन’ प्रणालीवरची नोंद पाहिली. गाईला बिल्ला लागला होता २०२० च्या मध्यात, लाळ्या खुरकताच्या लसीकरणाच्या वेळी. तेव्हा वय लिहिलं होतं ४ वर्षे आणि वेत दुसरं. म्हणजे डिसेंबर २०२३ ला ती साडेसात वर्षांची झाली. पंधरा-सोळा महिन्यांचं अंतर धरून पुढची वेतं मोजली तर अण्णांच्या गोठ्यातलं हे तिचं पाचवं वेत ठरत होतं. दात आणि नोंद एकमेकांशी जुळत होते.

इथं एक मर्यादा सांगायलाच हवी. बिल्ल्यावरचं वय म्हणजे जन्मदाखला नाही. मोठ्या जनावराला बिल्ला मारताना वय लिहिलं जातं ते मालकाच्या सांगण्यावरून किंवा दात बघून. म्हणून ‘४ वर्षे’ हा आकडासुद्धा अंदाजच होता. पण तो अंदाज त्या वयातला होता जेव्हा दात मोजून वय बऱ्यापैकी नेमकं कळतं, आणि तो लिहिणाऱ्याला विक्रीत काही मिळणार नव्हतं. म्हणून मी त्यावर जास्त भरवसा ठेवला.

पर्याय काय होते

अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघं बसलो, ते, काकू, त्यांचा भाऊ आणि मी.

भावाचं म्हणणं होतं की गाय परत करायची आणि पूर्ण पैसे मागायचे. पण गाय नुकती व्यायलेली, दुग्धज्वरातून उठलेली, तिला टेम्पोत घालून ५० किलोमीटर हलवणं धोक्याचं होतं. शिवाय कालवड इथं जन्मलेली, मग तिचं काय करायचं?

दुसरा पर्याय हेड्यानंच फोनवर सुचवला होता. “दोन महिने दूध काढा, मग मी गिऱ्हाईक बघून देतो, दुसऱ्या वेताचीच म्हणून जाईल.” अण्णांनी तो ऐकून फोन ठेवला. काकू एवढंच म्हणाल्या, “आपल्याला झालं ते दुसऱ्याच्या दारात नको.” माझ्या मनात अण्णांच्या घराबद्दल जो मान आहे तो त्या वाक्यानं वाढला.

तिसरा प्रश्न विम्याचा होता. गाईचा विमा काढायचा होता आणि दाखल्यावर वय मी लिहिणार होतो. अण्णांनी अवघडत विचारलं, पावतीवर चार लिहिलंय तर दाखल्यावर तेच चालेल का? मी नाही म्हणालो. मी दात पाहिले होते, तर दाखल्यावर ‘अंदाजे ७ ते ८ वर्षे’ हेच येणार. गाईंच्या विमा योजनांत साधारणपणे दहा वर्षांपर्यंतचं वय घेतात, त्यामुळे विमा निघाला, फक्त किंमत कमी धरली गेली. चार वर्षं लिहून विमा काढला असता आणि उद्या दावा आला असता, तर तपासणीला येणारा माणूसही त्याच तोंडात बघणार होता.

राहिला चौथा पर्याय, गाय ठेवायची आणि फरकाचे पैसे मागायचे. त्यासाठी फरक किती हे ठरवावं लागणार होतं. आम्ही साधा हिशेब मांडला. दुसऱ्या वेतावर घेतलेल्या गाईकडून अण्णांनी चार-पाच वेतांची अपेक्षा धरली होती. पाचव्या वेतावरच्या गाईकडून हे धरून दोन, फार तर तीन वेतं मिळतील. दूध आज कमी नव्हतं, आयुष्य कमी होतं. त्याच बाजारात चौथ्या-पाचव्या वेताची, तेवढ्याच दुधाची गाय ७० ते ७५ हजारांच्या घरात जात होती. म्हणजे फरक सतरा ते बावीस हजारांचा.

काय केलं

अण्णा, त्यांचा भाऊ आणि सौद्याच्या वेळी जवळ उभा असलेला एक शेजारी पुढच्या बाजाराच्या दिवशी गेले. बरोबर बाजाराची पावती, बिल्ल्याच्या नोंदीचा कागद आणि दातांचे तीन फोटो. फोटो मी मुद्दाम उन्हात काढले होते, मधली जोडी समोरून, माथा वरून आणि कडेची जोडी.

हेड्या आधी म्हणाला, “आठ दात सांगितले, आठच हायेत.” हे बरोबरच होतं. अण्णांनी दातांच्या संख्येवर वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, “दुसऱ्या वेताची गाय दुसऱ्या वेताची राहायला २०२० मध्ये थांबली होती का?” मग मूळ मालकाला बोलावलं. तो शेतकरी म्हणाला, “मी याला पाचव्याला गाभण म्हणून दिली, ६८ ला.” मालकानं खरंच सांगितलं होतं. मधल्या हातानं तीन वेतं पुसली होती आणि त्याबरोबर शिंगंही साळली होती. गाईच्या शिंगावर वेतागणिक वळी पडतात, त्यावरून जुने लोक वय काढतात. ती रीत तशीही कच्चीच, आजारपणात नाहीतर दुष्काळातही वळं उमटतं. पण साळलेल्या शिंगावर तेवढंही बघायला उरत नाही.

तीन तास बोलणं चाललं. शेवटी हेड्यानं १५,००० रुपये परत दिले. अण्णांना वीस हवे होते. पंधरावर ते थांबले, कारण पुढच्या खेपेला पुन्हा टेम्पोभाडं आणि दिवस मोडणार होता.

परिणाम

गाय राहिली. त्या वेतात तिनं दिवसाला जास्तीत जास्त १७ लिटर दूध दिलं. पुढच्या वेळेला तिला पुन्हा दुग्धज्वर होणार हे धरूनच आम्ही चाललो. व्यायच्या आधीचे तीन आठवडे चुनखडी आणि कॅल्शियमचं मिश्रण बंद ठेवलं, लसूणघास हटवला, खनिज मिश्रण बदललं आणि व्याल्याबरोबर तोंडावाटे कॅल्शियम दिलं. २०२५ मध्ये ती सहाव्यांदा व्यायली आणि उभीच राहिली. वय माहीत होतं म्हणून ही तयारी करता आली. पावतीवरच्या चार वर्षांवर विसंबलो असतो तर दुसऱ्यांदा रात्रीच पळत गेलो असतो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझी. अण्णांचा फोन आला तेव्हा मी ‘जुळलेली असेल तर हरकत नाही’ म्हणालो. मी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. कडेचे दात मधल्यांच्या रेषेत पूर्ण आलेत की अजून खाली आहेत? आणि मधल्या दाताचा माथा धारेचा आहे की सपाट? हे विचारायला एक मिनिट लागलं असतं आणि उत्तर अण्णा सहज देऊ शकले असते. आता कुणी बाजारातून फोन केला की मी फोटो मागतो. फोटो नसेल तर घ्या किंवा नको, काहीच सांगत नाही.

अण्णांनी दात पाहिले ते हेड्याच्या हातानं आणि हेड्याच्या वेळेनं. ओठ दोन सेकंद खाली राहिला तर माणूस मोजतो, बघत नाही. तोंड स्वतः धरावं. स्वतःला जमत नसेल तर जमणाऱ्याला बरोबर न्यावं, आणि ज्यानं धरलंय त्याला “थांब, अजून सोडू नको” म्हणायला लाजू नये.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे सांगितलेलं वेत आणि दिसणारे दात यांचा मेळ घालणं. संकरित गाय साधारण अडीच वर्षांत पहिल्यांदा वेते, तेव्हा ती दोन किंवा चार दाती असते. दुसऱ्या वेताला पावणेचार-चार वर्षांची, म्हणजे सहा दाती किंवा कडेची जोडी नुकती फुटलेली. दुसरं वेत सांगताहेत आणि कडेच्या दातांवर झीज दिसतेय, तर किंवा वेत खोटं आहे, किंवा गाय पहिल्यांदाच फार उशिरा व्यायली आहे. दुसरी शक्यता खरी असली तरी ती किमतीत उतरायलाच हवी, कारण उशिरा व्यालेल्या गाईत गर्भधारणेची अडचण असू शकते.

विकणाऱ्यांसाठीही या प्रकरणात काहीतरी आहे, आणि ते या गाईपेक्षा माझ्या आणखी एका गोठ्यातल्या गाईवरून नीट समजेल. तिथली गाय तिसऱ्या वेताची, पाच वर्षांची. पण ती माळावर खडकाळ रानात चरून वाढलेली आणि वाढं-कडब्यावर राहिलेली. वाळू-माती मिसळलेला चारा आणि कडक धाटं यांनी तिचे दात असे झिजले होते की कुणीही सात म्हणावं. गिऱ्हाईकानं तेवढ्यावरून दहा-बारा हजार पाडून मागितले. मालकाकडे तिच्या जन्माची, कृत्रिम रेतनाची आणि तिन्ही वेतांची नोंद बिल्ल्यावर होती. ती दाखवल्यावर सौदा आधीच्या किमतीला झाला. उलट मुरघास आणि पेंडीवर वाढलेल्या गाईचे दात वयापेक्षा कोवळे दिसतात. म्हणून पाच वर्षांनंतर दातांवरून कुणी एकच आकडा ठामपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. एक वर्ष मागेपुढे धरावं, आणि आठ-नऊच्या पुढे त्याहूनही जास्त. खरं सांगून विकणाऱ्याला ही नोंदच वाचवते. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, त्यामुळे क्रमांक आता प्रत्येक गाईच्या कानात असायला हवा. पण नोंद तेवढीच उपयोगी, जेवढी वेत झाल्याबरोबर मालकानं करून घेतली.

त्या रात्रीच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या कालवडीला अण्णांनी लहानपणीच बिल्ला मारून घेतला, जन्मतारखेसकट. काकूंनी तीच तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीय. गेल्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मला हाक मारून दाखवलं. २१ महिने झाले होते, मधल्या जोडीतला डावा दुधाचा दात पडला होता आणि हिरडीतून रुंद, पिवळसर कडा वर येत होती.